आठ टक्के की खरा हिशेब? छोट्या दुकानदाराने आयकराचं गणित कसं मांडावं

मार्च संपला की तालुक्याच्या गावातल्या करसल्लागाराकडे दुकानदारांची गर्दी सुरू होते. बहुतेकांच्या हातात बँकेचा उतारा असतो, जीएसटीचे कागद असतात आणि तोंडात एकच वाक्य असतं, "मागच्या वर्षीसारखंच भरून टाका." मागच्या वर्षी काय भरलं होतं, हे मात्र दहापैकी आठ जणांना सांगता येत नाही. उलाढालीच्या आठ टक्के नफा दाखवला होता की वह्या ठेवून खरा नफा दाखवला होता, यावर यंदाचा कर ठरतो. कधी कधी पुढच्या पाच वर्षांचा त्रासही त्यावरच ठरतो.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र भरताना हा प्रश्न थोडा बदलला आहे, म्हणून तो नव्याने समजून घ्यायला हवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण ३१ मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचा हिशेब जुन्या कायद्यानेच होतो. त्यामुळे दुकानदारांच्या तोंडी बसलेलं 'चव्वेचाळीस एडी' हेच नाव इथेही वापरलं आहे.

योजना नेमकी काय आहे

कलम ४४ एडी म्हणजे अंदाजाने नफा धरायची सोय. वर्षाची विक्री दोन कोटींच्या आत असेल तर सरकार म्हणतं, तुझ्या खर्चाच्या पावत्या मला नकोत. रोख आलेल्या विक्रीवर आठ टक्के आणि बँकेतून, चेकने किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर सहा टक्के नफा झाला असं मी धरतो, त्यावर कर भर. वर्षभरातली रोख जमा एकूण उलाढालीच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर हीच मर्यादा तीन कोटींपर्यंत जाते.

त्या आठ किंवा सहा टक्क्यांत सगळा खर्च आला. दुकानाचं भाडं, गड्याचा पगार, हमाली, कर्जाचं व्याज, गाडीचा घसारा, काहीही पुन्हा वेगळं वजा करता येत नाही. हे टक्के किमान आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं. नफा त्याहून जास्त झाला असेल तर जास्त दाखवायचा असतो.

आडत दुकानदारांना ही सोय नाही. लातूर, बार्शीसारख्या बाजारपेठांत कमिशनवर माल विकून देणाऱ्या आडत्याचं उत्पन्न हे दलालीचं उत्पन्न आहे, ते ४४ एडीत बसत नाही. एकाच फर्मच्या पाटीखाली आडतही आणि स्वतःचा खरेदी-विक्रीचा धंदाही चालत असेल, तर सल्लागाराला ते आधी सांगावं. विवरणपत्र भरून झाल्यावर ही गोष्ट कळून उपयोग नाही.

आधी बघा, कर लागतो का

पुष्कळ दुकानदार इथेच चुकतात. कोणता मार्ग स्वस्त, यावर चर्चा करत बसतात आणि दोन्ही मार्गांनी कर शून्यच आहे, हे पाहत नाहीत.

२०२५-२६ साठी नव्या कररचनेत, म्हणजे जी आपोआप लागू असते तिच्यात, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. आता उलटं गणित करा. सगळी विक्री रोखीची असली तरी आठ टक्क्यांनी १२ लाख व्हायला दीड कोटीची उलाढाल लागते. सगळी विक्री खात्यावर आली असेल तर सहा टक्क्यांनी तिथपर्यंत जायला दोन कोटी लागतात. म्हणजे ज्याची उलाढाल ६० किंवा ८० लाख आहे, दुसरं मोठं उत्पन्न नाही आणि खरा नफा आठ टक्क्यांच्या आसपास आहे, त्याने वह्यांच्या मागे लागायचं कारण नाही. ४४ एडीत भरावं आणि मोकळं व्हावं.

उदाहरणार्थ, आठवडी बाजाराच्या गावातलं किराणा दुकान घ्या. वर्षाची विक्री ६० लाख, बहुतेक रोख. आठ टक्क्यांनी उत्पन्न ४ लाख ८० हजार. कर शून्य. वह्या ठेवून खरा नफा पावणेचार लाख निघाला तरी कर शून्यच. मग फरक काय? फरक असा की, पावणेचार लाख दाखवायला वर्षभर मुनीम लावावा लागला, आणि पुढे बँकेत कर्जाला गेल्यावर उत्पन्न लाखभराने कमी दिसलं.

जिथे प्रश्न खरा असतो

अडचण येते ती मोठी उलाढाल आणि बारीक नफा असणाऱ्यांची. पशुखाद्य, सरकी पेंड, खत, साखर, तेलाचे डबे, सिमेंट. या धंद्यांत पोत्यामागे सुटतात ते रुपये मोजके असतात, पण पोती खूप फिरतात. अशा दुकानदाराला आठ टक्के नफा धरणं म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर भरणं.

समजा, एक पशुखाद्याचं दुकान आहे. वर्षाची विक्री १ कोटी ९० लाख. यातले १ कोटी ४० लाख रोख आले, ५० लाख खात्यावर आले.

४४ एडीने मांडलं तर रोखीवर आठ टक्के, म्हणजे ११ लाख २० हजार. खात्यावरच्या रकमेवर सहा टक्के, म्हणजे ३ लाख. एकूण उत्पन्न १४ लाख २० हजार. नव्या कररचनेत पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर पाच टक्क्यांनी २० हजार, त्यापुढच्या चार लाखांवर दहा टक्क्यांनी ४० हजार आणि उरलेल्या २ लाख २० हजारांवर पंधरा टक्क्यांनी ३३ हजार. बेरीज ९३ हजार, त्यावर चार टक्के उपकर धरून ९६ हजार ७२० रुपये. उत्पन्न १२ लाखांच्या वर गेल्यामुळे ती सूट इथे मिळत नाही.

आता याच दुकानाचा खरा हिशेब करू. तो करायची रीत जुनीच आहे. १ एप्रिलला दुकानात आणि गोदामात माल होता साडेअकरा लाखांचा. वर्षभरात खरेदी झाली १ कोटी ८२ लाखांची. ३१ मार्चला मोजणी केली तेव्हा माल शिल्लक होता १३ लाखांचा. म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत झाली १ कोटी ८० लाख ५० हजार. विक्री १ कोटी ९० लाख, म्हणून ढोबळ नफा साडेनऊ लाख, बरोबर पाच टक्के.

त्यातून दुकानाचा खर्च जायचा. महिना आठ हजारांप्रमाणे भाडं ९६ हजार. एका माणसाचा पगार महिना १२ हजारांप्रमाणे १ लाख ४४ हजार. माल आणायची वाहतूक आणि हमाली १ लाख १० हजार. वीज आणि फोन ३० हजार. बँकेच्या सीसी खात्याचं व्याज १ लाख २० हजार. पिकअप गाडीचा घसारा ५० हजार. किरकोळ २० हजार. सगळं मिळून ५ लाख ७० हजार. निव्वळ नफा राहिला ३ लाख ८० हजार, म्हणजे विक्रीच्या दोन टक्के.

३ लाख ८० हजारांवर कर शून्य. अंदाजाच्या मार्गाने ९६ हजार ७२० आणि खऱ्या हिशेबाने शून्य, असा हा फरक आहे. पण एवढ्यावर निर्णय घेऊ नये.

वह्यांचा खर्चही मोजा

४४ एडी सोडून कमी नफा दाखवायचा आणि उलाढाल एक कोटीच्या वर असेल, तर सीएकडून लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही पाच टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा दहा कोटींपर्यंत जाते, पण गावातल्या दुकानाचा रोखीचा व्यवहार तेवढा कमी क्वचितच असतो. वर्षभर रोजकीर्द आणि खतावणी लिहिणारा माणूस आणि ऑडिटची फी, मिळून समजा ३६ हजार धरू. गावोगाव हा आकडा वेगळा असतो, तो आधी विचारून घ्यावा. म्हणजे वरच्या दुकानाचा खरा फायदा ९६ हजारांचा नसून साठ हजारांच्या आसपासचा आहे.

दुसरं, वह्यांच्या मार्गाने गेलं की प्रत्येक खर्च तपासला जातो. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली, तर तो खर्च सहसा मान्य होत नाही आणि तेवढी रक्कम नफ्यात मिळवली जाते. शेतकऱ्याकडून थेट शेतमाल रोखीने घेतला तर त्याला सवलत आहे, पण पेंडीच्या व्यापाऱ्याला रोखीने दिलेल्या लाख रुपयांना नाही. खरेदीचं पेमेंट रोखीने करायची सवय असलेल्या दुकानदाराचा कागदावरचा नफा यामुळे खऱ्या नफ्यापेक्षा बराच फुगू शकतो. शिवाय घरात नेलेलं दुकानातलं सामान, मुलांची फी, घरचं वीजबिल हा धंद्याचा खर्च नाही. खर्चाचा आकडा मोठा दिसतो तो अनेकदा यामुळेच.

रोख कमी केली तर

वरच्याच दुकानाला तिसरा रस्ता आहे आणि तो पुष्कळांना सुचत नाही. पेंड घेणारी गिऱ्हाइकं बहुतेक दूध घालणारी आहेत. डेअरीचं पेमेंट त्यांच्या खात्यावरच येतं. तिथून काढून ते रोख दुकानात आणतात. त्यांनी तेच पैसे थेट दुकानाच्या खात्यावर पाठवले आणि वर्षभरातली रोख ३० लाखांवर आली, तर गणित असं होतं. ३० लाखांवर आठ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. १ कोटी ६० लाखांवर सहा टक्के म्हणजे ९ लाख ६० हजार. एकूण बरोबर १२ लाख. कर शून्य, आणि ऑडिटही नाही.

इथे एक गैरसमज मात्र काढायला हवा. गिऱ्हाइकाने रोख दिली आणि दुकानदाराने ती दुसऱ्या दिवशी बँकेत भरली, तर ती 'खात्यावर आलेली' विक्री होत नाही. ती रोखच, आठ टक्क्यांची. गिऱ्हाइकाकडून पैसा कसा आला, एवढंच पाहिलं जातं. उताऱ्यावर 'कॅश डिपॉझिट' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि चालू खात्यात वर्षाला ५० लाखांच्या वर रोख भरली तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते.

उधारीचाही नियम माहीत असावा. विक्री म्हणजे फक्त आलेला पैसा नव्हे, उधार दिलेला मालही विक्रीतच येतो. मार्चपर्यंत न आलेली उधारी विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या आत खात्यावर आली तर तिला सहा टक्के लागतात. रोखीने आली किंवा आलीच नाही तर आठ टक्के. उधारीची वही म्हणून ४४ एडीतही ठेवावी लागते.

पाच वर्षांचं कुलूप

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. एकदा ४४ एडीने विवरणपत्र भरलं की पुढची पाच वर्षं तसंच भरावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मध्येच एखाद्या वर्षी बाहेर पडून कमी नफा दाखवला, तर त्यानंतरची पाच वर्षं परत ४४ एडीत येता येत नाही. आणि त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे नव्या रचनेत चार लाखांच्या, वर गेलं तर वह्याही ठेवाव्या लागतात आणि ऑडिटही करावं लागतं. उलाढाल एक कोटीच्या आत असली तरी.

असं धरा की, एका हार्डवेअर दुकानाची उलाढाल ७० लाख आहे. २०२४-२५ ला त्याने ४४ एडीने भरलं. २०२५-२६ ला कोणीतरी सांगितलं म्हणून ५ लाख ६० हजारांऐवजी साडेचार लाख नफा दाखवला. कर आधीही शून्य होता, आताही शून्यच. पण या एका कृतीने यंदाचं ऑडिट अंगावर आलं आणि २०३०-३१ पर्यंत ४४ एडीचं दार बंद झालं. मिळालं काहीच नाही.

ज्याने आजवर कधी ४४ एडी वापरलंच नाही आणि उलाढाल एक कोटीच्या आत आहे, त्याची गोष्ट वेगळी. तो वह्या ठेवून आठ टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवू शकतो, त्याच्यावर हे कुलूप नाही. म्हणून पहिलं काम जुनी विवरणपत्रं काढून बघायचं. आयटीआर-४, म्हणजे 'सुगम' फॉर्म, भरला असेल तर ४४ एडी वापरलं असण्याचीच शक्यता जास्त. आयटीआर-३ असेल तर आत उघडून पाहावं लागतं, कारण त्या फॉर्ममध्ये दोन्ही प्रकार बसतात.

दुष्काळाचं वर्ष

वह्यांचा एक फायदा अंदाजाच्या योजनेत कधीच मिळत नाही, तो म्हणजे तोटा. पाऊस गेला, उधारी बुडाली, गोदामात माल भिजला. ४४ एडीत तरीही विक्रीवर आठ टक्के नफा धरला जातो. बुडालेली उधारीही वजा होत नाही. वह्या असतील तर बुडीत उधारी खर्चात टाकता येते, आणि तोटा झाला तर तो पुढच्या आठ वर्षांच्या धंद्याच्या नफ्यातून वळता करता येतो. अट एकच, त्या वर्षाचं विवरणपत्र वेळेत भरलेलं असलं पाहिजे. ज्याची अर्धी विक्री सुगीवर उधार जाते, त्याने निव्वळ यंदाचा कर पाहून मार्ग ठरवू नये.

शेती असणाऱ्या दुकानदारासाठी

ग्रामीण भागात दुकानदाराची शेतीही असतेच. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, हे खरं. पण धंद्याचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मिळवलं जातं. वरच्या पेंडीच्या दुकानाचं ४४ एडीचं उत्पन्न १२ लाख आणि उसाचं निव्वळ उत्पन्न ३ लाख असेल, तर आधी १५ लाखांवरचा कर काढतात, तो १ लाख ५ हजार. त्यातून शेतीचे ३ लाख आणि करमुक्त ४ लाख अशा ७ लाखांवरचा कर, १५ हजार, वजा होतो. राहिले ९० हजार. सूट जास्तीत जास्त ६० हजारांची, म्हणून ३० हजार आणि उपकर मिळून ३१ हजार २०० रुपये भरावे लागतात. 'बारा लाखांपर्यंत काही नाही' असं समजून बसलेल्याला ही रक्कम अचानक दिसते. खऱ्या हिशेबाने ३ लाख ८० हजार उत्पन्न दाखवणाऱ्याला मात्र हा प्रश्न येत नाही, कारण ते करमुक्त मर्यादेच्या आतच आहे. म्हणजे ऊस असलेल्या या दुकानदाराला तिसरा रस्ता आणि वह्यांचा खर्च जवळपास सारखाच पडतो. मग उधारी किती आहे आणि ऑडिटचा व्याप झेपतो का, यावर ठरवावं.

शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर 'सुगम' फॉर्म चालत नाही. ४४ एडीच वापरायचं, पण आयटीआर-३ मध्ये. सेतू केंद्रावर घाईत आयटीआर-४ भरून शेतीचा रकाना कोरा सोडला जातो. त्याच वर्षी साखर कारखान्याचं लाखोंचं बिल खात्यावर जमा झालेलं असेल, तर ते पैसे कुठले हे विचारल्यावर दाखवायला विवरणपत्रात काहीच नसतं.

राहिला आगाऊ कराचा भाग. वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल तर ४४ एडीवाल्याने तो सगळा १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा. वह्यांवाल्याला जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या चार महिन्यांच्या १५ तारखांना हप्ते. चालू वर्षासाठी कोणता मार्ग घ्यायचा, हे मार्चमध्ये ठरवून चालत नाही, कारण १ एप्रिलचा शिल्लक माल त्या दिवशी मोजला नसेल तर खरा हिशेब मांडायला सुरुवातच करता येत नाही.